पीसीव्ही, प्लेटलेट, एफएफपी, क्रायो: कुठली पिशवी कधी द्यायची आणि ठेवून ठेवल्यावर तिच्या आत काय होतं

वॉर्डला नवीन लागलेले इंटर्न, स्टाफ सिस्टर आणि रक्तपेढीत आत्ताच आलेले डीएमएलटीवाले, तुमच्यासाठी हे लिहितोय. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो तापमानाचा. पीसीव्ही, प्लेटलेट, एफएफपी सगळं एकाच आइस बॉक्समध्ये घालून मामा वर घेऊन येतो आणि कुणाला त्यात काही चुकलंय असं वाटत नाही. प्रत्येक पिशवीत काय आहे आणि ते कशामुळे मरतं हे एकदा कळलं की तापमान, मुदत, किती वेळात चढवायचं हे पाठ करावं लागत नाही, आपोआप लक्षात राहतं. म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

१. एका दात्याच्या रक्ताचं काय होतं

दात्याकडून आपण ३५० किंवा ४५० मिली रक्त घेतो, पंचावन्न किलोच्या वर वजन असेल तरच ४५०. पिशवीत आधीपासून सीपीडीए-१ किंवा सीपीडी असतं. त्यातलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही (हे सायट्रेट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे), आणि डेक्स्ट्रोज म्हणजे पेशींचं खाणं.

ट्रिपल बॅग असेल तर ती आधी हळू फिरवतात, लाल पेशी खाली बसतात, वरचा प्लेटलेटवाला प्लाझ्मा दुसऱ्या पिशवीत ढकलतात, मग ती दुसरी पिशवी जोरात फिरवतात. आता प्लेटलेट तळाला बसतात, वरचा प्लाझ्मा तिसऱ्या पिशवीत जातो. झाल्या तीन पिशव्या. लाल पेशी म्हणजे पीसीव्ही, तळाच्या ५०-७० मिलीत प्लेटलेट म्हणजे आरडीपी, आणि तिसरीतला प्लाझ्मा लगेच गोठवला की एफएफपी. तोच एफएफपी पुढे ४ डिग्रीच्या आसपास सावकाश वितळवला तर तळाला पांढरट चोथा राहतो, तो क्रायो.

एकाच माणसाचं रक्त, पण लाल पेशी २ ते ६ डिग्रीला फ्रिजमध्ये, प्लेटलेट २० ते २४ डिग्रीला हलत्या ट्रेवर, आणि प्लाझ्मा उणे ३० च्या डीप फ्रीजरमध्ये. आता प्रत्येकाचं असं का ते बघू.

२. लाल पेशींची पिशवी

पीसीव्हीत काय नसतं ते आधी. कामाच्या प्लेटलेट नसतात आणि क्लॉटिंग फॅक्टर जवळपास नसतात. म्हणजे रक्तस्राव चालू असलेल्या पेशंटला नुसत्या पीसीव्ही चढवत राहिलात तर हिमोग्लोबिन दिसेल पण रक्त थांबणार नाही, उलट त्याच्या अंगातले उरलेले फॅक्टर पातळ होत जातील.

द्यायची कधी? स्थिर पेशंट, बेडवर शांत आहे, रक्त जात नाहीये, तर साधारण हिमोग्लोबिन ७ च्या खाली. हृदयाचा आजार आधीपासून असेल तर ८. मोठ्या माणसात एक पिशवी साधारण १ ग्रॅम वाढवते, म्हणून एक द्या, परत तपासा, मग दुसरी मागवा. सरसकट दोन-दोन मागवायची सवय कशाला लावून घ्यायची? आणि ती ओपीडीत चालत आलेली बाई, हिमोग्लोबिन ७.५, दम लागत नाहीये, लोह कमी आहे, तिला पिशवी नको, लोह पाहिजे, गोळ्यांनी नाही भागलं तर सलाईनमधून. जोरात रक्त जात असेल तेव्हा मात्र आकड्याची वाट बघायची नाही, कारण पहिल्या तासात आकडा खोटं बोलतो, जे उरलंय ते अजून पातळ झालेलंच नसतं.

आता ठेवल्यावर काय होतं. लाल पेशीला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, नवीन प्रोटीन बनवायची सोय नाही, जे काही आहे ते ग्लुकोज जाळून. थंड ठेवलं की ही जळण मंदावते म्हणून ती टिकते, पण थांबत नाही. लॅक्टिक आम्ल साठत जातं, पीएच खाली येतो, एटीपी हळूहळू कमी होतं. एटीपी कमी झालं की पेशीचा तबकडीसारखा लवचिक आकार बिघडतो, अंगावर काटे यायला लागतात, पडद्याचे बारीक तुकडे सुटतात, आणि मग काही पेशी पिशवीतच फुटतात तर काही चढवल्यावर प्लीहा लगेच उचलून घेते. सीपीडीए-१ मधली ३५ दिवसांची आणि एसएजीएम घातलेलीची ४२ दिवसांची मुदत आली ती यातूनच: शेवटच्या दिवशी चढवल्या तरी निदान ७५ टक्के पेशी २४ तासांनी पेशंटच्या अंगात जिवंत फिरताना सापडल्या पाहिजेत, हा निकष. एसएजीएममधलं अ‍ॅडेनाइन एटीपीसाठी आणि मॅनिटॉल पेशी फुटू नयेत म्हणून, त्यामुळे सात दिवस जास्त मिळतात.

दुसरी गोष्ट २,३-डीपीजी. हिमोग्लोबिनने ऊतींपाशी ऑक्सिजन सोडावा यासाठी हे लागतं, आणि पिशवीत साधारण दोन आठवड्यांत ते जवळपास संपतं. म्हणजे जुन्या पिशवीतली पेशी ऑक्सिजन उचलते पण सोडायला कंजूषपणा करते. पण हे कायमचं नुकसान नाही, पेशंटच्या अंगात गेल्यावर काही तासांत ते परत बनायला लागतं आणि एक ते तीन दिवसांत पूर्ववत होतं.

तिसरं पोटॅशियम, आणि यात लोक एकतर फार घाबरतात नाहीतर अजिबात लक्ष देत नाहीत. थंडीत पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप जवळपास बंद पडतो, आतलं पोटॅशियम गळून बाहेर येतं. सीपीडीए-१ ची ३५ दिवसांची पीसीव्ही असेल तर बाहेरच्या द्रवात पोटॅशियम ७०-८० च्या घरात मिळू शकतं. आकडा बघून धडकी भरते, पण तो द्रव त्या पिशवीत असतोच थोडासा, त्यामुळे एकूण पोटॅशियम ५ ते ७ मिलिमोलच्या आसपास. मोठ्या माणसाला दोन-तीन तासांत सावकाश गेलं तर काही होत नाही, पेशी गरम झाल्या की पंप चालू होतो आणि त्या पोटॅशियम परत आत ओढतात. धोका कुठे? नवजात बाळाचं एक्सचेंज, सेंट्रल लाइनमधून प्रेशर लावून धडाधड चढवणं, आणि किडनी फेल पेशंट. बाळाच्या एक्सचेंजला म्हणूनच पाच-सात दिवसांच्या आतली पिशवी मागायची. आणि रेडिएशन दिलेली पिशवी असेल तर पोटॅशियम आणखी वेगाने गळतं, ती बाळासाठी असेल तर रेडिएशन दिल्यावर लगेच वापरायची, ठेवून द्यायची नाही.

मग नातेवाईक म्हणतात ना, "डॉक्टर, ताजंच रक्त द्या, फ्रिजमधलं नको", त्यांना काय सांगायचं? प्रश्न अगदी योग्य आहे, वर सांगितलेलं सगळं वाचून कुणालाही तसंच वाटेल. पण तो मोठमोठ्या चाचण्यांमध्ये तपासून झालाय. आयसीयूतल्या पेशंटवर एबल चाचणी, हृदयाच्या ऑपरेशनवर रेसेस, दोन्ही २०१५ मध्ये छापून आल्या, मग २०१६ ला इन्फॉर्म, त्यात तर हजारो दाखल पेशंट होते. ताजी पिशवी मिळालेले जास्त वाचले असं कुठेच दिसलं नाही. कमी वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरही अशी चाचणी झाली, तिथेही फरक नाही. म्हणून रक्तपेढी जुनी पिशवी आधी बाहेर काढते ते बरोबरच आहे, नाहीतर मे महिन्यात शिबिरं कमी असताना मुदत संपून पिशव्या फेकायची वेळ येईल. आणि नातेवाइकांशी बोलताना चिडू नका, त्यांना पिशवीवरची तारीख दाखवा, मुदत कशी ठरते ते दोन वाक्यांत सांगा, बहुतेक लोक ऐकतात.

वापरताना दोनच नियम. फ्रिजबाहेर ३० मिनिटांपेक्षा जास्त राहिलेली पिशवी परत घेत नाहीत, कारण तापलेली पिशवी पुन्हा थंड केली तरी मधल्या वेळात वाढलेले जंतू परत जात नाहीत. आणि लावल्यापासून ४ तासांत संपली पाहिजे. लावण्याआधी पिशवी उजेडात धरून बघा: पिशवीतला रंग नळीच्या तुकड्यातल्या रक्तापेक्षा काळपट-जांभळा झालाय का, वरचा द्रव लालसर दिसतोय का, गुठळ्या आहेत का. तिन्हींपैकी एक जरी दिसलं तरी लावू नका, रक्तपेढीला परत. लाइनमधून फक्त नॉर्मल सलाईन, आरएलमध्ये कॅल्शियम असतं ते सायट्रेटचं काम बिघडवतं आणि डेक्स्ट्रोजमध्ये पेशी फुगून फुटतात.

३. प्लेटलेट, म्हणजे जिला फ्रिज चालत नाही

वॉर्डच्या फ्रिजमध्ये प्लेटलेट ठेवलेल्या मी पाहिल्यात, आणि ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, रक्त आहे तर थंड ठेवू. पण १९६९ मध्येच मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं की फ्रिजमधल्या प्लेटलेट चढवल्या तर फार कमी टिकतात, आणि खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या कितीतरी जास्त. थंडीत प्लेटलेट तबकडी सोडून गोल होते, तिच्या पृष्ठभागावरचे जीपी-वन-बी नावाचे रेणू एकत्र गोळा होतात, त्यांच्यावरची साखरेची टोकं गळतात, आणि यकृत तिला म्हातारी समजून उचलून टाकतं. थंड प्लेटलेट चिकटते मात्र चांगली, म्हणून अमेरिकेत चालू रक्तस्रावासाठी त्या वापरायला २०२३ पासून मोकळीक आहे, पण ती पद्धत वेगळी, तिचे नियम वेगळे, आणि आपल्याकडची आरडीपी किंवा एसडीपी वॉर्डच्या फ्रिजमध्ये टाकणं म्हणजे ते नव्हे.

मग हलत्या ट्रेवर का? लाल पेशीसारखं नाही, प्लेटलेटला मायटोकॉन्ड्रिया आहेत, तिला ऑक्सिजन लागतो. तिची पिशवी मुद्दाम अशा प्लास्टिकची असते की भिंतीतून हवा आतबाहेर जाते. हलवत राहिलं तर ऑक्सिजन सगळ्यांपर्यंत पोचतो. हलवणं थांबलं, किंवा पिशव्या एकावर एक रचल्या, तर ऑक्सिजन कमी पडतो, प्लेटलेट ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करायला लागतात, प्लाझ्मातलं बायकार्बोनेट काही काळ ते झेलतं, ते संपलं की पीएच घसरतो आणि ६ च्या आसपास गेला की त्या पिशवीत अर्थ उरत नाही. म्हणजे वॉर्डला आलेली पिशवी टेबलावर थोडा वेळ पडली म्हणून लगेच मेली असं नाही, प्रवासात न हलवता काही तास त्या सहन करतात. पण रात्रभर ड्रॉवरमध्ये नको, आली की लावा.

दुसरी मर्यादा जंतूंची. दात्याच्या त्वचेवरचा एखादा जंतू पिशवीत गेला तर फ्रिजमध्ये तो सुस्त पडला असता, इथे २२ डिग्रीला त्याची चैन. प्लेटलेटची मुदत फक्त ५ दिवस यामागे हे मोठं कारण. म्हणून प्लेटलेट लावल्यावर थंडी वाजून एकदम ताप चढला, बीपी पडलं, तर "प्लेटलेटला थोडा ताप येतोच" म्हणून पॅरासिटामॉल देऊन मोकळं होऊ नका, बंद करा, पिशवी सेटसकट रक्तपेढीला पाठवा, पेशंटचं ब्लड कल्चर घ्या.

पिशवी जिवंत आहे का हे डोळ्यांनी कळतं. उजेडासमोर धरून हळूच पिळा, आत उन्हाच्या झोतातल्या धुळीसारखी लखलख फिरताना दिसली पाहिजे. याला स्वर्लिंग म्हणतात. प्लेटलेट तबकडी आकाराची असेल तरच प्रकाश असा परावर्तित होतो, गोल झाली की पिशवी नुसती गढूळ-निर्जीव दिसते. फ्रिजमधून काढलेली पिशवी आणि चांगली पिशवी शेजारी धरून एकदा बघाच, परत कुणी सांगावं लागत नाही.

आता कधी द्यायच्या. आरडीपी म्हणजे एका दात्याच्या रक्तातून निघालेली, मोठ्या माणसात एक पिशवी ५ ते १० हजार वाढवते, म्हणून चार-सहा एकत्र देतात. एसडीपी मशीनवर एकाच दात्याकडून घेतात, २००-३०० मिली, ३० ते ५० हजार वाढ. रक्तस्राव नसताना १० हजारांच्या खाली, मोठं ऑपरेशन असेल तर ५० हजारांच्या वर ठेवायच्या, मेंदू किंवा डोळ्याचं असेल तर लाखभर.

डेंग्यूच्या दिवसांत मात्र सगळीकडे एकच धावपळ. २८ हजार आल्या, रक्तस्राव नाही, लघवी नीट, बीपी नीट, तरी घरचे रात्री अकराला दाते गोळा करत फिरतात. अशा पेशंटला प्लेटलेट लागत नाहीत, आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खालीच विचार करा असं आहे. डेंग्यूत माणूस जास्त करून दगावतो तो प्लाझ्मा गळून शॉकमध्ये जातो म्हणून, तेव्हा लक्ष हिमॅटोक्रिट, नाडी आणि लघवीवर पाहिजे. आणि दिलेल्या प्लेटलेटही त्या आजारात लवकर नष्ट होतात, दुसऱ्या दिवशी आकडा जिथल्या तिथे.

४. एफएफपी आणि क्रायो, थोडक्यात

एफएफपीत सगळे क्लॉटिंग फॅक्टर असतात. त्यातले पाचवा आणि आठवा फार नाजूक, बाहेर ठेवले की कमी होतात, म्हणून रक्त घेतल्यापासून ६ ते ८ तासांत प्लाझ्मा गोठवायचा, मग तो वर्षभर टिकतो. मात्रा वजनावर, किलोला १० ते १५ मिली. एकच पिशवी देऊन काही साधत नाही. प्रोटीन कमी आहे, अल्ब्युमिन कमी आहे, अशक्तपणा आहे म्हणून एफएफपी चढवणं चूक. वितळवायला ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास लागतो, बेसिनच्या गरम नळाखाली धरलं तर प्रोटीन शिजतं आणि पिशवीला चीर गेली असेल तर नळाचं पाणी थेट आत.

क्रायो १०-२० मिलीची छोटीशी पिशवी, पण तिच्यात फायब्रिनोजेन दाटलेलं असतं, निदान १५० मिलिग्रॅम, शिवाय आठवा, तेरावा आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. फायब्रिनोजेन कमी असेल तेव्हा हीच पिशवी. वितळल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खोलीच्या तापमानाला ठेवून सहा तासांच्या आत संपवायची.

५. आता हे सगळं एका पेशंटवर

समजा बाळंतपणानंतर रक्तस्राव, बाई ६० किलोची, ग्रुप बी पॉझिटिव्ह, दीड-पावणेदोन लिटर रक्त गेलंय आणि अजून चालू. हिमोग्लोबिन ६.४, प्लेटलेट ४५ हजार, आयएनआर १.८, फायब्रिनोजेन ११०. गर्भाशयासाठीची औषधं आणि ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड चालू आहे, सीनियर तिथे आहेत. तुमचं काम रक्ताचं.

पहिली गोष्ट फोन, आणि फोनवर पहिलं वाक्य "एफएफपी वितळायला टाका", कारण अर्धा तास त्यालाच लागतो. मात्रा काढा: ६० गुणिले १५ म्हणजे ९०० मिली, पिशवी साधारण २०० मिलीची, म्हणजे चार ते पाच. क्रायो १०, तो लवकर वितळतो. पीसीव्ही ४, आणि पूर्ण क्रॉसमॅचला वेळ नसेल तर तसं स्पष्ट सांगा, लेखी द्या, मग रक्तपेढी ग्रुप जुळवून तातडीची पिशवी देते. नमुन्याच्या बाटलीवर नाव आणि नोंदणी क्रमांक पेशंटपाशी उभं राहूनच लिहायचा, टेबलावर येऊन नाही, चुकीच्या ग्रुपचं रक्त लागतं ते अनेकदा इथल्या चुकीमुळे. प्लेटलेट ६ आरडीपी किंवा एक एसडीपी.

दुसरं, आणायला दोन बॉक्स. पीसीव्ही आणि वितळलेला एफएफपी थंड बॉक्समध्ये. प्लेटलेट आणि क्रायो बर्फाशिवाय, वेगळ्या डब्यात किंवा हातात. मामाला फक्त "लवकर आण" नका सांगू, कुठल्या डब्यात काय ते सांगा.

तिसरं, कुठली आधी. पीसीव्ही आल्या आल्या, तारीख काहीही असो, ३० दिवसांची आहे म्हणून परत पाठवून ताजीची वाट बघण्यात तिचं हिमोग्लोबिन आणखी घसरेल. फक्त प्रेशर लावून देताय तर ब्लड वॉर्मरमधून द्या, मॉनिटरवर ईसीजी बघत राहा, टी लाटा टोकदार दिसल्या तर पोटॅशियम लगेच पाठवा. पिशवी गरम पाण्यात बुडवून गरम करायची नाही. क्रायो आला की लगेच, बाळंतपणाच्या रक्तस्रावात फायब्रिनोजेन सगळ्यात आधी पडतं आणि ते २०० च्या वर पाहिजे.

हिशोब करून बघा. दहा क्रायोतून साधारण दोन ग्रॅम फायब्रिनोजेन गेलं, तिचा प्लाझ्मा तीन लिटरच्या आसपास, म्हणजे ६०-७० ने वाढ, ११० चं १७०-१८०. उरलेलं एफएफपीतून येईल, त्यातही प्रत्येक पिशवीत थोडं असतंच. पण हे रक्तस्राव थांबला असं धरून. सहा आरडीपीतून प्लेटलेट ३०-४० हजार वाढायला हव्यात. अर्ध्या तासाने नमुना पाठवा, एवढी वाढ दिसली नाही तर आधी दोन शक्यता बघा, रक्त अजून जातंय का आणि पिशव्यांचं काही बिघडलंय का, दोन्ही शोधायचं.

आणि ते सायट्रेट. नेहमी एक-दोन पिशव्यांतलं सायट्रेट यकृत सहज संपवतं, पण इतक्या भराभर गेल्या की पेशंटचं कॅल्शियम बांधलं जातं. ओठांभोवती मुंग्या, बीपी वर येईना, ईसीजीत क्यूटी लांबलेलं. बेशुद्ध किंवा भूल दिलेल्या बाईला मुंग्या सांगता येणार नाहीत, म्हणून आयोनाइज्ड कॅल्शियम तपासत राहायचं, आणि साधारण चार पिशव्यांनंतर कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचं का ते सीनियरना विचारायचं. दिलं तर दुसऱ्या लाइनमधून. रक्ताच्या लाइनमध्ये घातलं तर नळीतच गुठळी होते.

रक्त थांबलं, बाई स्थिर झाली, आणि एक एफएफपी उरली तर ती परत फ्रीजरमध्ये जात नाही. वेळेत आणि थंड अवस्थेत रक्तपेढीकडे पोचली तर २ ते ६ डिग्रीला ठेवून २४ तासांच्या आत दुसऱ्या कुणाला देता येते, म्हणून लगेच फोन करून कळवा. प्रत्येक पिशवीचा नंबर, लावल्याची आणि संपल्याची वेळ केसपेपरवर लिहा. रिकाम्या पिशव्या दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा, रात्री ताप आला तर पहिल्यांदा त्याच मागवल्या जातात.